परिचयपत्रातील दोन वाक्ये

मलकापूर नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. बुलढाण्याचे मलकापूर रेल्वेमुळे सर्वांना ठाऊक आहे, कराडजवळही एक आहे. आम्ही म्हणतो ते कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातले, कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे लागणारे, एकेकाळी विशाळगड जहागिरीचे ठाणे असलेले. असल्या गावात व्यायाम शिकवणाऱ्याची ओळख कागदावर कधी लिहावी लागत नसे. तालमीतला वस्ताद कोणाचा पठ्ठा, त्याने कोणत्या मैदानात कुस्ती मारली, हे गावाला तोंडपाठ असे. त्याची परीक्षाही उघड्यावर, लाल मातीत होई. आता योगवर्ग, झुंबा, जिम असे नाना प्रकार तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले आहेत. शिकवणारा कोठे शिकला हे कोणी पाहिलेले नसते. साहजिकच परिचयपत्र आले. वर्तमानपत्रात घालून वाटलेले, दुकानाच्या काचेवर डकवलेले, शाळेच्या शिक्षकखोलीत ठेवून गेलेले.

यातील बहुसंख्य पत्रके परीक्षणाच्या लायकीची नसतात. 'मधुमेह मुळापासून बरा', 'चाळीस दिवसांत दहा किलो' यांवर चर्चा ती काय करायची? आम्हाला रस आहे तो संयमाने लिहिलेल्या पत्रकात. जो माणूस प्रामाणिकपणे, न फुगवता लिहू पाहतो, त्याच्या लेखनातही चुकीचे विज्ञान कोठून शिरते हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. म्हणून पाहण्यात येणाऱ्या बऱ्या पत्रकांच्या धर्तीवर आम्ही पुढील नमुना तयार केला आहे. तो कोणा एका व्यक्तीचा नाही, आणि मलकापुरात असा वर्ग शोधायला कोणी जाऊ नये.

"मलकापूर येथे गेली सहा वर्षे सकाळी योगवर्ग घेतो. योग प्रमाणन मंडळाची 'योग वेलनेस इन्स्ट्रक्टर' ही परीक्षा २०२१ साली उत्तीर्ण. वर्गात आसने, सावकाश श्वसनाचा सराव, प्राणायाम व शवासन. एका वेळी पंधराहून अधिक जण घेत नाही. प्राणायामाने रक्तातील प्राणवायूचे प्रमाण वाढते व उत्साह येतो. नियमित येणाऱ्या अनेकांचा रक्तदाब आटोक्यात आला आहे. मी डॉक्टर नाही; चालू असलेली औषधे बंद करू नयेत. रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, गर्भारपण किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असल्यास पहिल्या दिवशी सांगावे."

प्रथम प्रमाणपत्राचे वाक्य घेऊ. ते चांगले आहे, कारण त्यात तीन गोष्टी आहेत : परीक्षा कोणाची, कोणत्या पातळीची, कोणत्या वर्षाची. 'प्रमाणित योगशिक्षक' एवढेच लिहिले असते तर त्याला काही अर्थ नव्हता. योगशिक्षकांच्या ऐच्छिक प्रमाणनाची योजना भारतात २०१५ साली भारतीय गुणवत्ता परिषदेमार्फत सुरू झाली, आणि २०१८ मध्ये आयुष मंत्रालयाच्या आधिपत्याखाली योग प्रमाणन मंडळ स्थापन झाले. 'ऐच्छिक' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. या मंडळाची परीक्षा न देताही कोणी खाजगी योगवर्ग काढू शकतो. मंडळाच्या शिकवण्याच्या बाजूच्या पातळ्या चढत्या आहेत. 'योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर'साठी २०० तासांचा अभ्यासक्रम धरलेला आहे, 'योग वेलनेस इन्स्ट्रक्टर'साठी ४००, त्यापुढे 'योग टीचर अँड इव्हॅल्युएटर' ८०० आणि 'योग मास्टर' १६०० तास. पहिल्या पातळीचा माणूस मुख्यतः २१ जूनच्या योगदिनाला होतो तो सामान्य कार्यक्रम शिकवण्यासाठी तयार झालेला असतो. उपचाराची, म्हणजे थेरपीची वाट मंडळाने वेगळी ठेवली आहे व तिच्या परीक्षाही वेगळ्या आहेत.

या तासांचा अंदाज शिक्षकांना सहज येईल. रोज दोन तास धरले तर २०० तास म्हणजे १०० दिवस. डी.एड. झालेल्या शिक्षकाची दोन वर्षे आठवावीत. याचा अर्थ २०० तासांचा शिक्षक वाईट असा नाही. निरोगी माणसांना सोपी आसने नीट शिकवायला तेवढे पुरू शकते. पण संधिवात झालेल्या आजींच्या गुडघ्याबद्दल निर्णय घेण्यास ते पुरत नाही. नमुन्यातील शिक्षकाने पातळीचे नाव लिहिल्यामुळे वाचणाऱ्याला ही मर्यादा आपणहून कळते. त्याने तासही लिहिले असते तर आणखी बरे, कारण पातळ्यांची इंग्रजी नावे गावात कोणाला उमगणार?

पत्रकांत आणखी एक इंग्रजी अक्षरसमूह वारंवार दिसतो : 'आर.वाय.टी. २००'. ही अमेरिकेतील योगा अलायन्स या संस्थेची नोंद आहे. ठरावीक तासांचे प्रशिक्षण दिल्याचे प्रशिक्षणशाळा सांगते आणि अलायन्स त्या शिक्षकाचे नाव आपल्या पटावर घेते. ती स्वतः त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देत नाही. नोंद आणि प्रमाणपत्र यांत पटावरचे नाव आणि परीक्षेतील गुण एवढे अंतर आहे. याच संस्थेने २०१६ च्या आरंभी आपल्या पटावरील शिक्षकांना, त्यांच्या परिचयातून 'योगथेरपी' व 'थेरपिस्ट' हे शब्द काढायला लावले. कारण असे की, संस्थेची नोंद शिकवण्यापुरती होती, आणि परिचयातील त्या एका शब्दामुळे वाचणाऱ्याला रोगावरील उपचाराचे आश्वासन मिळत होते. परिचयपत्रातील एखाद्या शब्दावरून केवढा खल होऊ शकतो याचे हे उदाहरण आमच्या फार आवडीचे आहे. नमुन्यातील शिक्षकाने 'थेरपी' कोठेही लिहिलेले नाही, हे त्याच्या बाजूने.

आता पहिल्या खोट्या वाक्याकडे येऊ : प्राणायामाने रक्तातील प्राणवायूचे प्रमाण वाढते. हे वाक्य इतके रुळलेले आहे की, लिहिणाऱ्याला आपण काही दावा करतो आहोत असे वाटतही नाही. पाठ्यपुस्तकातील श्वसनसंस्थेचा धडा शिकवणाऱ्या शिक्षकाने मात्र ते जरा थांबून वाचावे.

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ वेळा श्वास घेतो व दर श्वासाला सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. यातील १५० मिलिलिटर नाक, घसा, श्वासनलिका यांतच राहते. वायुकोशांपर्यंत ३५० पोचते. म्हणजे मिनिटाला ४२०० मिलिलिटर हवा कामी येते. आता त्याने श्वास सावकाश केला, मिनिटाला ६ वेळा आणि दर वेळी १००० मिलिलिटर. वायुकोशांत ८५० गुणिले ६, म्हणजे ५१०० मिलिलिटर पोचले. हवा तर वाढली! मग प्राणवायू वाढला असेच ना? नाही. रक्तातील प्राणवायू जवळजवळ सगळा हिमोग्लोबिन वाहून नेते, आणि निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन साध्या श्वसनातच ९७-९८ टक्के भरलेले असते. १०० मिलिलिटर रक्तात मिळून २० मिलिलिटरच्या आसपास प्राणवायू मावतो. उरलेले दोन टक्के भरले तरी त्यात अर्धा मिलिलिटरही भर पडत नाही. एस.टी. भरलेली असताना थांब्यावर जास्त माणसे उभी केली म्हणून आतली आसने वाढत नाहीत, तसे हे आहे. शिवाय स्वस्थ बसलेल्या शरीराला मिनिटाला लागतो सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू, आणि ही गरज पेशी ठरवतात, फुप्फुसे नव्हेत.

उलट, भराभर व खोल श्वास घेतल्याने बदलतो तो दुसराच वायू. कार्बन डायऑक्साइड रक्तातून गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोके हलके होते, बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात. अनेकांना हाच 'प्राणवायूचा संचार' वाटतो. वस्तुतः त्या क्षणी मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा घटलेला असतो.

ही टीका योगाबाहेरच्या कोणी केली असे समजू नये. ती प्रथम योगाच्याच घरातून, आणि तीही महाराष्ट्रातून झाली. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६), हे अमळनेरला शिक्षणसंस्थेत काम केलेले गृहस्थ. योगाच्या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणांनी मोजून पाहावे, या विचाराने त्यांनी १९२४ साली बडोद्याला उड्डियान व नौली यांच्या क्ष-किरण तपासण्या केल्या. त्याच वर्षी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. नौली करताना मोठ्या आतड्यात पाणी वर ओढले जाते, हे पूर्वापार माहीत होते. कुवलयानंदांनी दाबमापक लावून दाखवले की, त्या वेळी आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाखाली उतरतो. पाणी चढते ते दाबातील या फरकामुळे. पुढे १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनी प्राणायामातील वायूंची मोजमापे केली. साध्या श्वसनापेक्षा प्राणायामात शरीर प्राणवायू अधिक शोषते, ही समजूत त्यांच्या मोजमापात टिकली नाही आणि तसे त्यांनी आपल्याच नियतकालिकात छापले.

या निष्कर्षात नवल नाही. परंपरेतील १:४:२ हे प्रमाण घ्या. ८ सेकंद पूरक, ३२ सेकंद कुंभक, १६ सेकंद रेचक. एक आवर्तन ५६ सेकंदांचे, म्हणजे मिनिटाला जेमतेम एक श्वास. ज्या क्रियेत श्वास मिनिटाला एकावर आणायचा, तिचे समर्थन 'अधिक हवा' म्हणून करणे मुळातच विचित्र होते. कुवलयानंदांनी प्राणायाम सोडला नाही की कमी लेखला नाही. त्याचे मोल प्राणवायूच्या शोषणात शोधू नये एवढेच ते सांगत होते. एखाद्या आवडत्या गोष्टीबद्दलचा आवडता पुरावा स्वतःच मोडीत काढायला जे लागते ते त्यांच्यापाशी होते. शंभर वर्षे होत आली, आणि पत्रकांतून ते वाक्य अजून हलत नाही.

वर्गात हे पडताळून पाहणे आता सोपे झाले आहे. २०२० च्या साथीत घेतलेले, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अनेक शाळांच्या कपाटांत पडून आहे. मुलांना स्वस्थ बसवून आकडा लिहून घ्या. मग पाच मिनिटे सावकाश, जमेल तितक्याच लांब श्वासांनंतर पुन्हा लिहून घ्या. ९८ चे ९८ किंवा ९९ होईल, आणि काहीच केले नाही तरी तेवढा फरक पडतो. सोबत नाडीही मोजा; तिच्यात मात्र पाहण्यासारखे सापडेल. श्वास आत घेताना ती किंचित वेग घेते, सोडताना मंदावते, आणि श्वास सावकाश केला की हा चढउतार अधिक ठळक होतो. नमुन्यातील शिक्षकाला उत्साहाचे, शांत वाटण्याचे कारण सांगायचेच असेल तर ते प्राणवायूपेक्षा या बाजूला शोधावे. भराभर श्वसन किंवा श्वास रोखून धरणे हे प्रकार मात्र वर्गात करून पाहू नयेत.

दुसरे वाक्य अधिक अवघड आहे, कारण ते खरे असू शकते : 'नियमित येणाऱ्या अनेकांचा रक्तदाब आटोक्यात आला आहे.' शिक्षक खोटे बोलत नाही. त्याने वह्या ठेवल्या असतील, आकडे उतरलेले पाहिले असतील. प्रश्न असा की, ते योगाने उतरले हे कशावरून?

रक्तदाब दिवसागणिक बदलतो. एखाद्याची वरच्या दाबाची खरी सरासरी १४८ असेल, तर कधी १४० भरेल, कधी १५८. आता योगवर्गाला नाव कोण घालतो? ज्याला त्या दिवशी १५८ भरल्याने धडकी बसली तो. १४० भरलेला माणूस घरीच राहतो. महिन्याने पुन्हा मोजले की १५८ वाल्याचा आकडा आपल्या सरासरीकडे, म्हणजे खालीच, येण्याची शक्यता जास्त. त्याने योग केला असो वा नसो.

हे मुलांना पटवायचे तर दोन फासे पुरतात. चाळीस मुलांनी दोन दोन फासे टाकावेत व बेरीज लिहावी. ज्यांची बेरीज १० किंवा त्याहून अधिक, ते 'रुग्ण'. असे साधारण सहा-सात निघतील आणि त्यांची सरासरी १०.७ च्या आसपास येईल. या रुग्णांना काहीही 'उपचार' द्या. खिडकीशी उभे राहून दहापर्यंत आकडे म्हणायला सांगा. मग पुन्हा फासे टाकायला लावा. सरासरी ७ च्या आसपास उतरेल, आणि आकडे म्हटल्याने फासे बरे झाले, असे सिद्ध होईल! रुग्ण फार थोडे असल्याने एखाद्या वर्गात हा आकडा ६ किंवा ८ येईल. दोन-तीन वर्गांचे निकाल एकत्र केले की ७ ला जुळेल. फाशाला मागचे काही आठवत नाही म्हणून तो पूर्ण सरासरीवर येतो. रक्तदाबात माणसाचा स्वतःचा भाग कायम असतो, म्हणून तो काही अंशीच उतरतो. पण त्या 'काही अंशी'ची गल्लत उपचाराच्या गुणाशी होते.

'नियमित येणाऱ्या' हा शब्दही तपासला पाहिजे. शाहूवाडीचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना कल्पना येईल की, जूनमध्ये तीस जणांनी सुरू केलेल्या सकाळच्या वर्गात ऑगस्टपर्यंत किती उरत असतील. नऊ उरले असे धरू. ते मुळातच निग्रही, चालणारे-फिरणारे, गोळ्या वेळेवर घेणारे असण्याचा संभव अधिक. ज्यांना चक्कर आली, कंबर धरली किंवा काहीच फरक वाटला नाही, ते निघून गेले आणि त्यांचे आकडे वहीत नाहीत. उरलेल्या नऊंपैकी सात जणांना बरे वाटते, हे वर्गाच्या यशाचे माप धरता येत नाही. त्यातच डॉक्टरांनी त्याच सुमारास गोळी सुरू केली असेल, घरी लोणचे-पापड कमी झाले असतील. हे सारे वेगळे काढायचे तर चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात. एकाला योग, दुसऱ्याला नाही, आणि सोडून गेलेल्यांसह सर्वांचे आकडे मोजायचे.

अशा चाचण्या झाल्या आहेत. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र केले असता वरच्या दाबात सरासरी ४ ते ५ मिलिमीटर घट दिसते. चाचण्यांचा दर्जा मात्र सरसकट चांगला नाही. हा परिणाम शून्य नाही, पण १५८ वाल्याची गोळी सोडवण्याएवढाही नाही. जुनाट कंबरदुखीत पुरावा त्याहून जरा बरा आहे : काहीही व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांची हालचाल थोडी सुधारते. इतर व्यायामांपेक्षा योग सरस आहे असे मात्र त्यातून निघत नाही. आमच्या मते, नमुन्यातील वाक्याऐवजी असे लिहिता आले असते : 'योगाने काहींचा रक्तदाब थोडा उतरतो असे दिसले आहे; तो औषधाला पर्याय नाही.' हे वाक्य कमी आकर्षक आहे, हे मान्य. पण मलकापुरातल्या माणसाने पहिल्या वाक्यावर विसंबून गोळ्या थांबवल्या आणि पक्षाघात झाला, तर चांगल्या तपासणीसाठी पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरकडे धावावे लागते, तेही पावसाळ्यात. 'औषधे बंद करू नयेत' हे पुढचे वाक्य त्याने वाचले असेलच असे नाही. एका पत्रकात एका ओळीने आशा लावायची आणि दुसऱ्या ओळीने हात झटकायचे, असे होता कामा नये. आशेचे मापच खरे ठेवले तर दुसरी ओळ जड जात नाही.

शेवटची, काय काय आधी सांगावे याची ओळ आम्हाला सर्वांत मोलाची वाटली. काचबिंदूचा उल्लेख फार थोडे करतात. शीर्षासनात डोळ्यातील दाब सुमारे दुप्पट होतो हे भारतातच केलेल्या मोजणीत आढळले आहे, आणि काचबिंदूत दृष्टीची चेता आधीच दाबाने दुखावलेली असते. हर्नियाचे कारण तर शरीररचनेच्या आकृतीवरच दाखवता येते : कपालभातीत पोटाच्या स्नायूंचे झटके बसतात, दर झटक्याला पोटातील दाब वाढतो आणि स्नायूंच्या भिंतीत जेथे फट आहे तेथून आतडे बाहेर ढकलले जाते. हे आजार विचारणारा शिक्षक कोणते आसन कोणाला शिकवायचे नाही याचा विचार करतो, हे या एका ओळीवरून समजते. फक्त 'पहिल्या दिवशी सांगावे' येथे थांबू नये. लोक सांगत नाहीत. बायका पंधरा जणांसमोर गर्भारपण सांगायला संकोचतात, पुरुष हर्निया लपवतात. प्रवेशाच्या वेळी एकेकाला बाजूला घेऊन विचारतो, असे त्याने लिहायला हवे होते. पंधरा जणांचा वर्ग असल्याने ते त्याला शक्यही आहे.